पहिल्या आठवड्याचा शॉर्ट

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लाडखेडचा एक रिटेलर काउंटरवर येऊन उभा राहिला. हातात नेहमीची चिठ्ठी, त्यावर तीस-पस्तीस आयटम. पहिलंच नाव अमॉक्सिक्लॅव ६२५ या अँटिबायोटिक गोळीचं, वीस स्ट्रिप. आमच्या काउंटरवरच्या भाऊंनी "शॉर्ट आहे, शिल्लक नाही" म्हणत मान हलवली. रिटेलर म्हणाला, "काहून? मागच्या महिन्यातही तुमच्याकडं हेच नव्हतं. अख्खं गोदाम भरून आहे अन् चालणारी गोष्टच नाही?" चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि गडी यवतमाळच्या गाडीत बसून गेला. वीस स्ट्रिप गेल्या त्याचं दुःख नव्हतं. पस्तीस आयटमची चिठ्ठी गेली.

गोदाम भरून होतं हे खरंच होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात माझी औषधांची होलसेल आहे, दोन हजारांवर आयटम, त्या दिवशी सतरा लाखांचा माल रॅकवर. त्यातला बराचसा असा, की ज्याची चौकशी महिन्यातून एकदा होते. जे रोज लागतं ते नाही, आणि जे लागत नाही ते भरपूर. होलसेलवाल्याला ही अवस्था अनोळखी नसते, पण तोंडावर कुणी सांगितलं की टोचते.

पोळ्याला पुतणी घरी आली होती. ती बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स बघते. तिला सहज सांगितलं तर म्हणाली, "काका, तुम्ही ऑर्डर कशावरून टाकता?" मी म्हटलं, रॅककडं बघून. रॅक रिकामा दिसला की टाकतो. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, एकच आयटम घ्या, त्याची बारा आठवड्यांची विक्री काढा आणि खरेदीच्या तारखा काढा. सगळ्या दुकानाचं नंतर बघू.

आयटम अर्थातच ६२५ घेतला. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आयटम लेजर काढलं. ३ जुलै २०२३ च्या सोमवारपासून बारा आठवडे, दर आठवड्याला किती स्ट्रिप गेल्या: ६०, ४५, ८०, ९५, ५०, १२, ७०, १००, ६५, ८५, ५, ७०. सरासरी निघाली ६१. मला बरं वाटलं, कारण माझा अंदाजही साठचाच होता. पुतणीनं सहाव्या आणि अकराव्या आकड्यावर बोट ठेवलं. १२ आणि ५ का?

कारण त्या आठवड्यांत माल नव्हता. म्हणजे मागणी १२ ची नव्हती, १२ मिळाल्या म्हणून १२ विकल्या. लेजर विक्री दाखवतं, मागणी दाखवत नाही, आणि मी वर्षानुवर्षं विक्रीलाच मागणी समजत होतो. यात एक गंमत अशी, की माल संपला की विक्री पडते, विक्री पडली की सरासरी पडते, सरासरी पडली की पुढची ऑर्डर लहान जाते आणि माल पुन्हा संपतो. ते दोन आठवडे काढून टाकले तर उरलेल्या दहांची बेरीज ७२० आणि सरासरी ७२. आठवड्याला अकरा स्ट्रिपचा फरक फक्त या दोन आकड्यांनी केला होता.

काढून टाकणं हाही काही बरोबर उपाय नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या आठवड्यांत खरी मागणी किती होती हे कळलंच नाही. म्हणून त्या दिवसापासून काउंटरवर शंभर पानी वही ठेवली. जे मागितलं आणि नव्हतं, ते तिच्यात: तारीख, पार्टी, आयटम, नग. पहिल्या महिन्यात वहीनं उलटीकडून फसवलं. बोरी अरबचा एकच रिटेलर सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी फोन करून त्याच दहा स्ट्रिप मागत होता आणि भाऊ तीनदा दहा लिहीत होते. तीस झाले. आता एका पार्टीची एका आठवड्यातली एकच नोंद धरतो, सर्वांत मोठी.

आठवड्याचे आकडे ४५ पासून १०० पर्यंत हलतात. ही हलती मागणी एका आकड्यात पकडायला प्रमाण विचलन लागतं, म्हणजे आकडे सरासरीपासून सहसा किती इकडंतिकडं जातात ते. एक्सेलमध्ये `STDEV.S` दिलं की मिळतं. माझं निघालं १८. एक कबुली इथंच देतो. ९५ आणि १०० हे दोन्ही महिन्याच्या शेवटाकडचे आठवडे आहेत आणि त्या दिवसांत दहावर एक फुकट अशी स्कीम चालू होती. रिटेलरनं स्कीमसाठी जास्त उचललं, पेशंट काही वाढले नव्हते. म्हणजे मागणीच्या चढउतारातला काही भाग आमच्याच धंद्यानं तयार केलेला आहे. तो वेगळा काढायची सोय माझ्याकडं नव्हती, म्हणून १८ तसेच ठेवले.

मग खरेदीच्या तारखा. इथं मी पहिली चूक केली. बिलाची तारीख आणि माल उतरल्याची तारीख घेतली, तर सगळीकडं दोन-तीन दिवसच आले. पुतणी म्हणाली, "तुम्ही मागितलं कधी?" कंपनीचा सी अँड एफ, म्हणजे तिच्या वतीनं माल साठवून पाठवणारा डेपो, नागपूरला आहे. मी सोमवारी व्हॉट्सअॅपवर ऑर्डर पाठवतो, ते बिल करतात तेव्हा करतात, मग माल ट्रान्सपोर्टनं यवतमाळला आणि तिथून टेम्पोनं इकडं येतो. बिलाच्या आधीचा वेळ बिलावर नसतोच. म्हणून एका बाजूला व्हॉट्सअॅप उघडलं, दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्यांची फाइल, आणि दहा ऑर्डरींचे दिवस मोजले: ९, ५, ४, ४, १६, ५, ६, ४, १२, ५. सरासरी सात दिवस, म्हणजे बरोबर एक आठवडा. प्रमाण विचलन चार दिवस, आठवड्यात ०.५८.

दहा ऑर्डरी आणि बारा आठवडे कसे, तर दोनदा आधीचा माल यायचा होता म्हणून मी सोमवार सोडला. त्यातल्या एकदा, सोडलेल्या सोमवारच्या पुढच्याच सोमवारी, चौदा ऑगस्टला, धीर सुटला आणि दुप्पट ऑर्डर टाकली. दोन दिवसांनी आधीची आली, त्यानंतर तीन दिवसांनी ही दुप्पटही आली. माल खपला, पण दोन्ही बिलांचं पेमेंट एकाच आठवड्यात आलं आणि दुसऱ्या एका कंपनीचा चेक पुढं ढकलावा लागला. तेव्हापासून ऑर्डर टाकताना रॅकवरचा माल आणि वाटेतला माल यांची बेरीज धरतो. लिहायला सोपं आहे. रॅक रिकामा दिसत असताना "वाटेत दीडशे आहेत" असं स्वतःला सांगून गप्प बसणं जड जातं.

आता सूत्र. राखीव साठा, म्हणजे सरासरी मागणीच्या वर ठेवायचा जादा माल, कशासाठी, तर दोन गोष्टी हलतात म्हणून. माल येईपर्यंत मागणी जास्त निघू शकते, आणि माल यायलाच उशीर होऊ शकतो. पहिलीच्या विचलनाचा वर्ग, जितके आठवडे तितक्या वेळा; दुसरीचं विचलन गुणिले आठवड्याची मागणी, त्याचा वर्ग; दोन्हींची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. त्याला एका गुणकानं गुणायचं, आणि तो गुणक आपल्याला किती खात्री हवी त्यावर ठरतो: ९० टक्क्यांना १.२८, ९५ ला १.६४५, ९९ ला २.३३. मी आठवड्यातून एकदाच ऑर्डर टाकतो, म्हणून मागणीच्या बाजूला पुरवठ्याचा एक आठवडा आणि दोन ऑर्डरींमधला एक आठवडा असे दोन धरायचे. या सोमवारी जे सुटलं ते पुढच्या सोमवारीच मागता येतं, आणि तेही आणखी आठवड्यानं येतं.

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT((1+1)*18^2+(72*0.58)^2)
```

उत्तर ८०. म्हणजे दोन आठवड्यांची सरासरी मागणी १४४, वर राखीव ८०, एकूण २२४. दर सोमवारी रॅक आणि वाटेतला माल मिळून २२४ होतील एवढी ऑर्डर टाकायची.

मी लगेच २२४ वर जायला तयार होतो. पुतणीनं विचारलं, कंसातले दोन तुकडे वेगवेगळे किती होतात ते बघितलं का? बघितलं. मागणीचा तुकडा ६४८. उशिराचा तुकडा १७४४. माझी समजूत अशी होती, की आपल्याकडं मागणीच वेडीवाकडी आहे, पाऊस आला की ताप, ऊन आलं की ओआरएस, त्यामुळं साठा चुकतो. आकडे सांगत होते की ६२५ च्या बाबतीत मागणीचा वेडेपणा हा लहान भाऊ आहे. माझ्या राखीव साठ्यातला मोठा वाटा नागपूरचा माल वेळेवर न आल्याचा होता, आणि त्याचं व्याज मी भरत होतो.

तिथून पुढं मी सूत्र बाजूला ठेवलं आणि ९, १६ आणि १२ या तीन आकड्यांकडंच बघत बसलो. बाकीचे सगळे चार ते सहा दिवसांत. मधलं काहीच नाही, सात नाही, आठ नाही. नुसताच अनियमित पुरवठा असता तर असा मोकळा पट्टा पडला नसता. मग त्या तीन ऑर्डरींच्या तारखा बघितल्या. ३ जुलै, ३१ जुलै, ४ सप्टेंबर.

औषधाच्या लाइनीत असलेल्याला यापुढं सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला इतक्या वर्षांत ते दिसलं नव्हतं. एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, आणि त्याचा मॅनेजर यांचं टार्गेट महिन्याचं असतं. शेवटच्या आठवड्यात डेपोतून जेवढा माल बाहेर ढकलता येईल तेवढा ढकलतात. पाचशे लागतात तिथं हजार घ्या म्हणून गळ्यात पडतात. महिना संपला की डेपोचं क्लोजिंग, म्हणजे हिशोब बंद, आणि पहिल्या आठवड्यात डेपोच रिकामा. वरून माल येईपर्यंत आमच्यासारख्या तालुक्याच्या ऑर्डरीला कोण विचारतं, जे थोडं येतं ते आधी मोठ्या पार्ट्यांना जातं. ३१ जुलैची ऑर्डर क्लोजिंगमध्ये अडकली, मग डेपोत माल नव्हता, मग पंधरा ऑगस्टची सुट्टी. आमच्याकडं १६ तारखेला उतरली. मी तिला "ट्रान्सपोर्टचा घोळ" म्हणून विसरून गेलो होतो.

तीन नगांवरून निष्कर्ष काढू नये म्हणून मागच्या वर्षभराच्या बिल्ट्या काढल्या. दोन संध्याकाळी गेल्या, निम्म्या बिल्ट्यांवरचा शिक्का वाचता येत नव्हता. या कंपनीच्या बारा महिन्यांपैकी नऊ महिन्यांत पहिल्या आठवड्यातली ऑर्डर आठ दिवसांच्या पुढं गेली होती. दुसऱ्या एका कंपनीचं तेच बघितलं तर तिथं असं काही नव्हतं, तिचे दिवस बाराही महिने चार ते सात. म्हणजे ही रीत सगळ्यांची नाही. प्रत्येक सप्लायरचं वेगळं बघावं लागतं.

मग हिशोब असा केला, की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आणि पहिल्या आठवड्यात या कंपनीला ऑर्डर टाकायचीच नाही. उरलेल्या सात ऑर्डरींची सरासरी ४.७ दिवस आणि विचलन जेमतेम पाऊण दिवस. उशिराचा तुकडा १७४४ वरून ६० वर आला. साध्या सोमवारी राखीव साठा ४० पुरतो, आणि एकूण पातळी १६०. महिनाअखेरच्या आधीच्या सोमवारी मात्र दोन आठवड्यांची तरतूद करायची, कारण मधला सोमवार आपण सोडणार. त्या दिवशीची पातळी निघाली २४२: मागणी १९२ आणि राखीव ५०. म्हणजे दर आठवड्याला २२४ धरून बसण्याऐवजी महिन्यातून एकदा २४२, एरवी १६०. माल सरासरीनं कमी अडकला आणि पहिला आठवडा झाकला गेला.

सूत्रातला आणखी एक दोष याच वेळी कळला. ते धरून चालतं की उशीर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला आहे. माझी सरासरी सात दिवस होती आणि सात दिवसांत आलेली ऑर्डर एकही नव्हती. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून काढलेली ती सरासरी होती. `STDEV.S` ला काहीही द्या, ते आकडा देतंच. त्यामुळं आता विचलन काढायच्या आधी दिवस चढत्या क्रमानं लिहून काढतो आणि मध्ये भगदाड दिसतं का ते बघतो.

आता ९५ टक्के म्हणजे काय, यावर घरात थोडी वादावादी झाली. माझा मुलगा काउंटरवर बसतो. तो म्हणाला, "म्हणजे शंभरातल्या पाच पार्ट्यांना नाही म्हणायचं का? मग परवडत नाही." मीही तेच समजत होतो. तसं नसतं. या सूत्रातले ९५ टक्के हे ऑर्डरीच्या फेऱ्यांचे आहेत. वर्षात ५२ सोमवार, त्यातल्या दोन-तीन फेऱ्यांत माल उतरायच्या आधी रॅक रिकामा होईल, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दोन-तीन फेऱ्यांतही शेवटचे एक-दोन दिवस काही स्ट्रिप कमी पडतात, अख्खा आठवडा नाही. पुतणीनं तक्त्यावरून काढून दाखवलं, की जुन्या आकड्यांवरही ९५ टक्क्यांना आठवड्याला सरासरी एकच स्ट्रिप कमी पडते. बहात्तरात एक. मागितलेल्या मालापैकी साडेअठ्ठ्याण्णव टक्के माल मिळतोच. ९० टक्के धरले तरी जवळपास सत्त्याण्णव टक्के माल मिळतो. दोन्ही आकड्यांना लोक सर्व्हिस लेव्हलच म्हणतात, आणि कुणाशी बोलताना त्याच्या डोक्यात कोणता आहे हे विचारून घेतलं नाही तर तासभर वाद होतो. आमच्याकडं झाला.

मुलाचा पुढचा प्रश्न बरोबर होता: मग ९९ का नको? जुन्या हिशोबानं ९५ वरून ९९ ला जायला राखीव साठा ८० वरून ११४ करावा लागतो. चौतीस स्ट्रिप, स्ट्रिपची खरेदी दीडशेच्या आसपास, म्हणजे पाच हजार रुपये कायमचे रॅकवर. बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज अकरा टक्के धरलं तर वर्षाला साडेपाचशे. त्यातून वाचतात वर्षाला साधारण ४४ स्ट्रिपांचे "नाही". किंमत नियंत्रणातल्या औषधावर माझ्यासारख्या स्टॉकिस्टला साधारण आठ टक्के मिळतात, स्ट्रिपला बारा-तेरा रुपये, म्हणजे तेही साडेपाचशेच. हिशोब बरोबरीत सुटला. पण त्यात लाडखेडच्या रिटेलरची पस्तीस आयटमची चिठ्ठी कुठंच नाही. म्हणून ज्या आयटमचं नाव चिठ्ठीत पहिल्या पाचांत असतं त्यांना ९९, बाकी चालत्या मालाला ९५, आणि ज्याच्या जागी दुसऱ्या ब्रँडचं तेच औषध रिटेलर तक्रार न करता घेतो त्याला ९०. ही वाटणी कुठल्या सूत्रानं केली नाही. भाऊंना विचारून केली, कारण चिठ्ठ्या ते वाचतात.

दोन हजार आयटमचं असं करणं माणसाच्या हातचं नाही. साठ आयटमचं केलं, महिनाभर रोज रात्री दोन-तीन. बाकीचं जुन्या पद्धतीनंच चालू आहे. आणि काही गोष्टींना हे लागूच होत नाही. त्याच जुलै-ऑगस्टात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्याकडचे अँटिबायोटिक आय ड्रॉप तीन दिवसांत साफ झाले. मागच्या बारा आठवड्यांत जे घडलंच नाही त्याचं विचलन कुठून काढणार? तिथं एकच उपाय, तीन वेगळ्या गावांतून एकाच दिवशी नेहमीपेक्षा जास्त मागणी आली की सोमवारची वाट न बघता नागपूरच्या दवा बाजारात फोन लावायचा आणि चार पैसे जास्त मोजायचे.

साठांच्या यादीत मी अॅट्रोपिनचं, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवर देतात ते, इंजेक्शनही घेतलं होतं आणि तिथं पार तोंडघशी पडलो. लेजरमध्ये आठवडेच्या आठवडे शून्य, मग एकदम ४०, मग पुन्हा शून्य, मग ६०. सरासरी पाच की सहा, विचलन त्याच्या तिप्पट. सूत्रानं जो राखीव साठा सांगितला तो एका पेशंटलाही पुरला नसता. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. हे औषध संपलं म्हणून चिठ्ठी जाईल, असा इथं प्रश्नच नाही.

गावातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "तुम्ही अँप्युल मोजून राहिले, आम्ही पेशंट मोजतो." ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची गंभीर विषबाधा असेल तर सुरुवातीला तीन-पाच अँप्युल, आणि फरक पडला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. तीन, सहा, बारा, चोवीस: पाव तासात पंचेचाळीस अँप्युल एकाच माणसाला, तेही त्याला यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला पाठवण्याआधी नुसतं सावरायला. फवारणीच्या दिवसांत असे पेशंट किती येतात विचारलं, तर म्हणाले सरासरी आठवड्याला एक.

घरी येऊन पुतणीला फोन केला. तिनं सांगितलं, इथं मागच्या सूत्रातला घंटेच्या आकाराचा आलेख विसरा, क्वचित घडणाऱ्या गोष्टींना प्वासाँचं वितरण लावा. दोन आठवड्यांत सरासरी दोन पेशंट, तर सहापर्यंत येण्याची शक्यता किती?

```
=POISSON.DIST(6,2,TRUE)
```

उत्तर ०.९९५. म्हणजे सहा पेशंटची तयारी ठेवली तर दोनशे पंधरवड्यांत एखाद्या वेळी कमी पडेल. सहा गुणिले पंचेचाळीस, २७० अँप्युल. अँप्युल काही रुपयांचं असतं, मुदत संपून फेकावे लागले तरी वर्षाला ६२५ च्या दहा-बारा स्ट्रिपांएवढा खर्च. ऑगस्ट ते ऑक्टोबर २७०, एरवी ९०. पेशंट एकामागून एक आपापले येतात असं हे गणित धरतं, हे डॉक्टरांनाही सांगितलं. एकाच शेतावर एकाच पंपानं फवारणारे चारजण एका संध्याकाळी आले तर गणित मोडतं. त्यावर ते म्हणाले, मग रात्री दार उघडायचा नंबर देऊन ठेवा. दिला.

६२५ चं पुढं काय झालं तर ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांत एकदा माल संपला, डिसेंबरच्या मध्यात, दीड दिवस. पहिल्या आठवड्यात एकदाही नाही. एमआरचा दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला फोन येतो, "काका, यावेळी ऑर्डर नाही आली तुमची?" मी म्हणतो, तुमच्याकडं माल आहे का? तो हसतो. आठ-नऊ तारखेला टाकतो म्हणून सांगतो. शेवटच्या आठवड्यात तो टार्गेटसाठी येतो तेव्हा मला तसंही २४२ पर्यंत भरायचं असतं, त्यामुळं स्कीमही पदरात पडते.

सॉफ्टवेअर दर महिन्याला न हलणाऱ्या मालाची यादी छापतं. अॅट्रोपिन त्यात हमखास असतं. ऑडिटच्या वेळी सीएच्या पोरानं विचारलं, "हे परत काहून नाही करत?" भाऊंनी त्याला रॅकवरचा खोका दाखवला. त्यावर मार्करनं लिहिलेलं आहे: २ पेशंट, फवारणी आली की ६.